रिपोर्टमधले शब्द समजावून सांगायचे, रोगाचं नाव घ्यायचं नाही: सीबीसी घेऊन बसायची माझी पद्धत

शनिवारी संध्याकाळी सात-साडेसातला शेजारच्या काकी मोबाईल घेऊन आल्या. पोरानं पुण्यातून ॲपवरनं रिपोर्ट काढून त्यांच्या व्हॉट्सॲपवर टाकलेला आणि खाली एक ओळ, "आई कुणाला तरी दाखव". काकींना इंग्रजी वाचता येत नाही पण लाल रंग तर दिसतो की. "अगं बघ की, आठ ठिकाणी लाल आलंय, काय वाईट तर न्हवं?" डॉक्टर सोमवारी सकाळी भेटणार, म्हणजे मधे दोन रात्री.

मी बेळगावकडच्या खानापुरात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. आपल्याकडे रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्यातल्या सिस्टर बोलणार कन्नड, पेशंट बोलणार मराठी, त्यामुळे गल्लीत ज्याला जरा कळतं त्याच्याकडे हे मोबाईल येतातच. बीएस्सी झालेली पोरं, मेडिकलवाले, आशाताई, शाळेतल्या बाई, सगळ्यांकडे. म्हणून हे सविस्तर लिहितेय, काकींचा सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या टेस्टचा, रिपोर्ट समोर ठेवून (त्यांना विचारूनच).

आधी रिपोर्ट कुणाचा ते बघा

हसू नका. एकदा मी एका सूनबाईला अर्धा तास तिच्या सासूचा रिपोर्ट समजावून सांगितलेला. दोघींचं पहिलं अक्षर एक, आडनाव एक, एकाच दिवशी रक्त दिलेलं, आणि फोनवर फाईलचं नावही तसलंच. नशीब की वयाकडं लक्ष गेलं.

तर पहिल्यांदा नाव, वय, स्त्री की पुरुष, आणि रक्त कधी घेतलं ती तारीख. स्त्री-पुरुष महत्त्वाचं का, तर बाजूला छापलेली रेंज त्यावरनं बदलते. बाईचं हिमोग्लोबिन १२.४ असेल आणि नोंदताना चुकून पुरुष टाकलं असेल तर उगाच लाल येतं. गरोदर बाईला तर आणखी वेगळं, साधारण ११ च्या खाली गेलं की कमी धरतात, पण कॉम्प्युटरला ती गरोदर आहे हे माहीतच नसतं. मग पानं सगळी आहेत का बघा, स्क्रीनशॉट असेल तर मूळ पीडीएफ मागा, कारण शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात शेरा असतो आणि स्क्रीनशॉटमध्ये नेमका तोच कापलेला असतो.

आणि आकड्यांना हात घालायच्या आधी दोन प्रश्न. टेस्ट कशासाठी करायला सांगितली? आणि हे सगळ्यांच्या समोर बोललं तर चालेल का? काकींच्या मागं त्यांची जाऊ आणि दोन पोरं उभी होती, मी त्यांना चहा टाकायला पाठवलं. काकी म्हणाल्या, "रोप लावताना दम लागालाय, डोळ्यापुढं अंधारी येतीय, म्हणून डॉक्टर म्हणाले रक्त तपासा." एवढं पुरे. यावरनं आपण रोग शोधायचा नसतो, डॉक्टर काय शोधतायत ते तेवढं कळतं.

लाल रंगाची भीती काढा, पण खोटा धीर देऊ नका

रेंज म्हणजे काय, तर धडधाकट माणसांची रक्तं तपासली आणि त्यातल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथं बसले ती पट्टी. म्हणजे उरलेली ५ टक्के माणसं धडधाकट असूनही पट्टीच्या बाहेर. एका रिपोर्टात वीसेक आकडे असतात, प्रत्येकाला ही ५ टक्क्याची शक्यता लावली तर चांगल्या तब्येतीच्या तीन माणसांतल्या साधारण दोघांच्या रिपोर्टात एखादा तरी आकडा लाल निघेल, आता आकडे एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून हा हिशोब ढोबळच, पण एक लाल म्हणजे एक आजार असं नसतं हे यातनं कळतं.

काकींच्या रिपोर्टात याचं झकास उदाहरण होतं. एमसीएचसी नावाची एक ओळ, आकडा ३१.४, रेंज ३१.५ ते ३४.५, आणि पुढं लाल रंगात एल. एक दशांशासाठी! मशीनला तारतम्य नसतं, पट्टीच्या आत की बाहेर एवढंच त्याला कळतं. एच म्हणजे पट्टीच्या वर, एल म्हणजे खाली, यापलीकडं त्या अक्षरात काही नाही.

पण म्हणून "काही नाही हो, होतं असं" असंही म्हणायचं नाही. तेही एक निदानच आहे, फक्त गोड.

घागरींचा हिशोब

काकींच्या लाल रक्तपेशींच्या ओळी अशा होत्या. हिमोग्लोबिन ९.८ (रेंज १२ ते १५). आरबीसी ४.४, म्हणजे रक्ताच्या एका बारीक थेंबुकल्यात ४४ लाख पेशी, हा रेंजमध्ये. पीसीव्ही ३१.२ टक्के, कमी. एमसीव्ही ७१, रेंज ८३ ते १०१, कमी. एमसीएच २२.३, रेंज २७ ते ३२, कमी. एमसीएचसी वर सांगितलंच. आरडीडब्ल्यू १७.५, रेंज ११.६ ते १४, जास्त.

ही सात नावं सुटी सुटी सांगितली तर माणूस गांगरतो. मी घागरी सांगते. समजा टँकरवर घागरी भरून ओळीनं मांडल्यात. घागरी किती आहेत, ते आरबीसी. एकेक घागर केवढी, ते एमसीव्ही. एकेका घागरीत पाणी किती, ते एमसीएच. सगळ्या घागरी एकसारख्या आहेत की एक मोठी एक बारकी असं आहे, ते आरडीडब्ल्यू, जितका जास्त तितका लहान-मोठेपणा जास्त. घागरींनी एकूण जागा किती व्यापली ते पीसीव्ही. आणि सगळ्या घागरींतलं मिळून पाणी, ते हिमोग्लोबिन. हे पाणी म्हणजे श्वासातला ऑक्सिजन अंगभर पोचवणारा लाल पदार्थ. एमसीएचसी तेवढं थोडं वेगळं, घागरीच्या मापाच्या मानानं आतला माल किती दाट आहे ते.

आता काकींचा रिपोर्ट घागरींच्या भाषेत वाचला तर: घागरी जेवढ्या पाहिजेत तेवढ्या आहेत, पण बारक्या आहेत, प्रत्येकीत पाणी कमी आहे, आणि सगळ्या एका मापाच्या नाहीत, म्हणून एकूण पाणी कमी भरलंय. काकी लगेच म्हणाल्या, "म्हणजे सहा लाल आलेत ते एकाच गोष्टीचे की." बरोबर. सहा खुणा, पण सहा दुखणी नव्हेत.

ज्याला आकड्याची आवड आहे त्यानं ताळा करून बघावा. आरबीसी गुणिले एमसीव्ही भागिले दहा केलं की पीसीव्ही यायला पाहिजे: ४.४ गुणिले ७१ म्हणजे ३१२.४, भागिले दहा ३१.२. जुळलं. हिमोग्लोबिनला दहानं गुणून आरबीसीनं भागलं की एमसीएच: ९८ भागिले ४.४, २२.३. जुळलं. हा ताळा जमत नसेल तर टायपिंगची चूक असू शकते, तेव्हा अर्थ सांगत बसू नका, सरळ लॅबला फोन करून विचारायला सांगा. आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

जुना रिपोर्ट असेल तर तो शेजारी ठेवा. काकींचा दोन वर्षांपूर्वीचा होता, त्यात हिमोग्लोबिन ११.४. तेव्हा ११.४, आता ९.८, खाली आलंय एवढं सांगायचं. मात्र फरक ०.३-०.४ चा असेल तर त्यावर बोलायचंच नाही, वेगळी लॅब, वेगळं मशीन, पाणी कमी-जास्त प्यायलेलं, त्यानं एवढं हलतंच.

इथंच जीभ घसरते

बारक्या घागरी, कमी पाणी म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या तोंडावर पुढचं वाक्य तयार असतं: "लोह कमी पडलंय काकी, बीट खा, खजूर खा, गुळाचा खडा तोंडात टाका." कुणालाही विचारा, हेच सांगेल. आणि मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं होतं, कारण ते निदान आहे हे सांगणाऱ्यालाही कळत नाही. आपण रोगाचं नाव घेतलं नाही म्हणून सुटलो असं वाटतं, पण उपाय सांगितला की नाव आपोआप घेतलं गेलंच की.

का म्हणून सांगू नये? पेशी लहान असायची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. लोह कमी असेल. थॅलेसेमियाचा वाहक असेल, तो आईबापाकडनं आलेला गुण, त्यात पेशी जन्मापासनंच लहान असतात आणि लोह बहुतेकदा पुरेसं असतं, असा माणूस वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात बसतो आणि आकडा काही हलत नाही. किंवा अंगात कुठं जुनी सूज, जुनं दुखणं असेल, त्यानंही होतं. सीबीसीत या तिघांचे चेहरे बरेच सारखे दिसतात. एमसीव्हीला आरबीसीनं भागून अंदाज बांधायची एक युक्ती आहे, इंटरनेटवर सापडते, काकींचा आकडा १६ च्या वर येतो आणि तिथं लिहिलेलं असतं की १३ च्या वर म्हणजे अमुक. मी ती पेशंटसमोर कधीच करत नाही. ती चाळणी आहे, पुढं कुठली टेस्ट करायची ते डॉक्टरनं ठरवायला, आणि चुकतेही.

दुसरं कारण जास्त गंभीर. समजा खरंच लोह कमी निघालं, तरी प्रश्न उरतो की ते गेलं कुठं? पाळीत जास्त जातंय, की पोटातनं कुठं थेंब थेंब रक्त जातंय, की जंत आहेत, की खाण्यातलं अंगी लागत नाही? पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं असं आलं तर डॉक्टर पोटाची तपासणी करायला सांगतात ते याचसाठी. आपण बीट-खजूर सांगितलं, त्याला चार दिवस बरं वाटलं, आणि सोमवारी तो गेलाच नाही, तर? काकींच्या जावेनं चहा देताना म्हटलंच, "सोमवारी शंभर रुपये घालवून वडापनं बेळगावला कशाला, मेडिकलमधनं टॉनिकची बाटली आणूया." तेवढ्यासाठी म्हणते, उपाय तोंडातनं काढायचा नाही. काय खावं विचारलं तर, "नेहमीसारखं जेवा, नवीन गोळी किंवा टॉनिक आताच सुरू करू नका, पुढच्या टेस्टचा आकडा बदलू शकतो, आणि चालू असलेली गोळी मनानं बंदही करू नका."

मग म्हणायचं काय? मी काकींना म्हटलेलं वाक्य जसंच्या तसं देते: "काकी, तुमच्या रक्तातला लाल पदार्थ रेंजपेक्षा कमी आलाय आणि पेशी लहान दिसतायत. असं व्हायची बरीच कारणं असतात, नुसत्या या कागदावरनं कुठलं ते कळत नाही, ते डॉक्टर तुम्हाला तपासून, लागलं तर आणखी टेस्ट करून सांगतील. तुम्हाला दम लागतोय ते त्यांना नक्की सांगा." यात आकडा आहे, अर्थ आहे, आणि कागदाची हद्द कुठं संपते तेही आहे. "लोह कमी असेल बहुतेक" यातला बहुतेक कुणी लक्षात ठेवत नाही, घरी जाईपर्यंत तो गळून पडतो.

टक्केवारीचा घोळ

पांढऱ्या पेशींमध्ये काकींचा एकच लाल. लिम्फोसाइट ४६ टक्के, रेंज २० ते ४०. जाऊबाईंच्या पोरानं तोपर्यंत गुगलवर टाकून काहीतरी भयंकर वाचलेलं.

इथं एक गणित कायम लक्षात ठेवा. टक्के हे वाट्याचे असतात, संख्येचे नव्हेत. एकूण पांढऱ्या पेशी ५,२००, त्याचे ४६ टक्के म्हणजे २,३९२. त्या लॅबच्या रिपोर्टात खाली ॲब्सोल्युट काउंट म्हणून वेगळी ओळ होती, तिथं रेंज १,००० ते ३,०००, आणि आकडा पट्टीच्या आत, काळ्या रंगात. म्हणजे लिम्फोसाइट संख्येनं वाढलेल्या नव्हत्या, पंगतीत दुसऱ्या जातीच्या पेशी जरा कमी बसल्या म्हणून यांचा वाटा मोठा दिसला. टक्के लाल आणि संख्या काळी असेल तर दोन्ही दाखवा, म्हणा की डॉक्टर सहसा संख्येकडं बघतात, आणि पुढं सरका.

प्लेटलेटचं एकक

प्लेटलेटला आपल्याकडं डेंग्यूच्या साथीपासनं फार भाव आलाय. काकींच्या रिपोर्टात ४३० लिहिलेलं आणि एच. पोरगं ओरडलं, "फक्त चारशे तीस?" पुढं एकक बघा म्हटलं. तिथं 10^3/µL असं होतं, म्हणजे ४३० हजार, म्हणजे ४ लाख ३० हजार. दुसऱ्या लॅबमध्ये हेच ४.३ लाख म्हणून छापतात. रेंज दीड लाख ते ४ लाख १० हजार, म्हणून एच. थोडं वर आहे, डॉक्टरांना दाखवा, संपलं.

उलटं झालं, म्हणजे प्लेटलेट खूप कमी आल्या, तर शेवटच्या पानावरचा शेरा शोधा. "क्लम्प्स सीन" असं काही असेल तर त्याचा अर्थ प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळे झालेत आणि मशीननं गोळ्याला एक म्हणून मोजलं किंवा मोजलंच नाही. जांभळ्या टोपीच्या बाटलीतलं औषध काही जणांच्या रक्तात असं करतं. तेव्हा लॅब काचेवर थेंब ओढून डोळ्यांनी बघते किंवा निळ्या टोपीच्या बाटलीत परत रक्त मागते. पेशंटला एवढंच, "हा आकडा पक्का नाही असं लॅबनंच लिहिलंय, परत द्यायला लागेल का विचारा."

कधी सोमवारची वाट बघायची नाही

रोगाचं नाव घ्यायचं नाही याचा अर्थ गप्प बसायचं असा नव्हे. प्रत्येक लॅबची एक यादी असते, तसा आकडा आला की आम्ही रिपोर्ट छापायच्या आधी डॉक्टरला फोन करतो. आमच्याकडं हिमोग्लोबिन ७ च्या खाली किंवा प्लेटलेट ५० हजारांच्या खाली आल्या तर फोन जातो, दुसरीकडं आकडे थोडे वेगळे असतील. असं काही दिसलं तर शब्द समजावत बसू नका, "हे आत्ताच डॉक्टरला दाखवायचं" म्हणा आणि गाडीची सोय बघा. आणि आकडा कसाही असो, बसल्या जागी दम, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, डांबरासारखी काळी शी, हिरड्यातनं किंवा पाळीत न थांबणारं रक्त, यातलं काही असेल तर मोबाईल बाजूला ठेवून सरळ दवाखाना. काकींना मी हे एकेक विचारलं. दम चढ चढताना आणि शेतात लागत होता, बसल्यावर जात होता, बाकी काही नव्हतं. म्हणून सोमवार.

मग एका वहीच्या पानावर मराठीत त्यांना लिहून दिलं, मोठ्या अक्षरात: पेशी लहान कशामुळं? आणखी कुठली टेस्ट लागेल? पाळी सहा महिने जास्त जातेय (हे त्यांनीच शेवटी हळूच सांगितलं, पोरं आत गेल्यावर). गुडघ्यासाठी मेडिकलमधनं आणलेल्या गोळ्या खातेय, पाकीट पिशवीत आहे. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तरी त्या पानावर बोट ठेवलं की काम होतं, रक्ताला कन्नडमध्येही रक्तच म्हणतात.

सोमवारी दुपारी काकी परत आल्या, हातात नवीन चिठ्ठी. डॉक्टरांनी वहीचं पान वाचून घेतलं, गोळ्यांचं पाकीट मागून बघितलं आणि दोन टेस्ट लिहून दिल्या, त्यातली एक फेरिटिन. "हे कसलं ग?" मी म्हटलं, अंगात लोहाचा साठा किती शिल्लक आहे त्याचा अंदाज देणारा आकडा, कणगीत धान्य किती उरलंय ते बघतात तसा. फक्त एक आहे, अंगात ताप किंवा सूज असली की हा आकडा फुगतो, साठा नसतानाही भरल्यासारखा दिसतो. तेव्हा रक्त द्यायच्या दिवशी ताप-खोकला असेल तर तिथल्या मुलीला आधी सांगा, ती डॉक्टरला विचारून घेईल. काकींनी ते त्याच वहीच्या पानाच्या मागं पोराकडनं लिहून घेतलं.